एकाही रेघेवरून दोनदा नाही

काही ठिपके आणि ठिपक्याला ठिपका जोडणाऱ्या काही रेघा, एवढ्याच सामग्रीच्या आकृतीला गणितात ग्राफ म्हणतात. शाळेत चौकटीच्या कागदावर काढायचा आलेख तो हा नव्हे. इथे रेघ सरळ आहे की वाकडी, लांब आहे की आखूड, याला काही किंमत नसते. कोणता ठिपका कोणाशी जोडला आहे आणि किती रेघांनी, एवढेच पाहायचे असते. अशा आकृतीबद्दलचा सर्वांत जुना प्रश्न मराठी मुलांनाही दुसऱ्या रूपात ठाऊक असतो: पेन्सिल न उचलता आणि कोणतीही रेघ दोनदा न गिरवता ही आकृती पुरी करता येईल का? ठिपक्यावरून कितीही वेळा जाण्यास मुभा आहे, मात्र प्रत्येक रेघेवरून नेमके एकदाच जायचे.

आकृती स्वच्छ छापलेली असेल, तर याचे उत्तर मिनिटभरात मिळते. वहीचे पान किंवा फळा मोबाइलने टिपलेला असतो, तेव्हा अडचण निराळ्या जागी निघते. कुठे पेन्सिलीची रेघ उजेडात विरून गेलेली असते, कुठे दोन रेघा चिकटून एक दिसतात, तर कुठे मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली असते. नियम लावायला सोपा असतो. खरे काम असते ते फोटो नीट वाचण्याचे, आणि वाचताना कोणती चूक उत्तर फिरवते व कोणती फिरवत नाही हे ओळखण्याचे.

आधी नियम पाहू. एखाद्या ठिपक्यापाशी रेघांची जितकी टोके येऊन मिळतात, त्या संख्येला त्या ठिपक्याची कोटी म्हणू. आता पेन्सिल चालते आहे अशी कल्पना करावी. वाटेतल्या ठिपक्यावर ती एका रेघेने येते आणि दुसऱ्या रेघेने निघून जाते, म्हणजे प्रत्येक भेटीत त्या ठिपक्याच्या दोन रेघा खर्ची पडतात. सगळ्या रेघा खर्ची पडल्यावर वाटेतल्या ठिपक्याचा हिशेब दोनाच्या पटीत, म्हणजे सम संख्येतच बसला पाहिजे. सवलत फक्त दोन जागांना आहे. जिथून सुरुवात झाली तिथे पहिले जाणे बिनयेण्याचे असते, आणि जिथे शेवट झाला तिथे शेवटचे येणे बिनजाण्याचे असते. म्हणून कोटी विषम असलेले ठिपके फार तर दोन चालतील. ते दोन असले, तर वाट एकापासून सुरू होऊन दुसऱ्यापाशी संपलीच पाहिजे. एकही नसेल, तर वाट निघाली तिथेच परत येते आणि सुरुवात कुठूनही करता येते. चार, सहा किंवा त्याहून अधिक निघाले, तर वाट नाही.

हा विचार लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाचा. प्रशियातल्या क्योनिग्जबर्ग शहरातून प्रेगेल नदी वाहत होती. तिच्यात क्नाइपहोफ नावाचे बेट होते, आणि दोन्ही काठ, बेट व पूर्वेकडचा भूभाग यांना सात पूल जोडत. सातही पुलांवरून एकेकदाच जाणारा फेरफटका घालता येईल का, असा प्रश्न होता. ऑयलरने १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याचे उत्तर मांडले आणि ते १७४१ मध्ये छापून आले. जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे ठिपका आणि प्रत्येक पूल म्हणजे रेघ असे धरले, तर बेटाची कोटी पाच आणि उरलेल्या तिघांची तीन-तीन येते. चारही ठिपके विषम, त्यामुळे फेरफटका अशक्य. ऑयलरने स्वतः आजच्यासारखी ठिपक्या-रेघांची आकृती मात्र काढली नव्हती. त्याच्या लेखात शहराचा नकाशा आणि अक्षरांच्या माळा आहेत.

विषम ठिपके दोनाहून अधिक असले तर वाट नाही, हे वरच्या हिशेबाने सिद्ध होते. उलट बाजू म्हणजे विषम ठिपके शून्य किंवा दोन असले तर वाट असतेच. ही बाजू ऑयलरने सांगितली, पण तिची पुरी सिद्धता दिली नाही. ती कार्ल हिअरहोल्झर या जर्मन गणितज्ञाच्या नावावर आहे. तो १८७१ मध्ये वारला आणि त्याचे काम मित्रांनी १८७३ मध्ये छापले. या बाजूला एक अट आहे, आणि लोक घाईत तीच विसरतात. सगळ्या रेघा एकाच सलग तुकड्यात असल्या पाहिजेत. दोन वेगळे त्रिकोण काढले तर प्रत्येक ठिपक्याची कोटी दोन असते आणि विषम ठिपका एकही नसतो, तरीही एका त्रिकोणावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पेन्सिल उचलावीच लागते. ज्याला एकही रेघ नाही असा सुटा ठिपका मात्र खुशाल दुर्लक्षावा, कारण वाट रेघांची मागितली आहे, ठिपक्यांची नाही.

मोजणीबरोबर एक फुकटची तपासणीही मिळते. प्रत्येक रेघेला दोन टोके असतात, म्हणून सगळ्या कोट्यांची बेरीज रेघांच्या दुप्पट भरते आणि विषम ठिपक्यांची संख्या नेहमी सम येते. मोजून झाल्यावर विषम ठिपके तीन किंवा पाच आले, तर आकृतीबद्दल काहीही निष्कर्ष काढू नये. मोजणीच चुकलेली आहे. एखादे टोक दोनदा मोजले गेले किंवा सुटले. ही तपासणी उपयोगी असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही, कारण संपूर्ण रेघच नजरेतून सुटली तर तिची दोन्ही टोके एकदम जातात आणि बेरीज पुन्हा नीटनेटकी सम दिसते.

आता फोटोकडे वळू. पाहणारा सर्वांत आधी अडखळतो तो एकमेकींना छेदणाऱ्या रेघांपाशी. दोन रेघा मध्येच फुलीसारख्या छेदतात आणि त्या जागी ठिपका आहे की नुसता शाईचा जाडपणा, हे फोटोत कळत नाही. दिलासा असा की या शंकेने सम-विषमचा हिशेब बिघडत नाही. फुलीच्या जागी ठिपका धरला, तर त्याला चार टोके मिळतात, म्हणजे कोटी चार, म्हणजे सम. इतर ठिपक्यांच्या कोट्या जिथल्या तिथे राहतात. विषम ठिपके जितके होते तितकेच उरतात. रेघ एखाद्या ठिपक्याला चाटून पुढे गेली आहे की तिथे थांबून दुसरी सुरू झाली आहे, या शंकेचेही तसेच. थांबली असे धरल्यास त्या ठिपक्याच्या कोटीत दोनाची भर पडते, आणि दोन मिळवल्याने समाचे विषम होत नाही. रेघेच्या वळणावर शाईचा थेंब सांडून ठिपका भासला, तर त्याची कोटी दोन. एखाद्या ठिपक्यातून निघून त्याच ठिपक्यात परतणारा फास असला, तर त्याचीही दोन टोके तिथेच मोजली जातात आणि तोही निरुपद्रवी ठरतो.

फुलीची शंका फक्त एका ठिकाणी महाग पडते, ते म्हणजे आकृती सलग आहे की नाही हे ठरवताना. दोन त्रिकोण एकमेकांवर उलटसुलट ठेवून काढलेली सहा टोकांची चांदणी घ्यावी. ठिपके फक्त सहा टोकांवर असतील, तर ते दोन सुटे त्रिकोण आहेत आणि सगळ्या रेघांची एक वाट नाही. छेदांच्या सहा जागांवरही ठिपके असतील, तर सगळे ठिपके सम आणि आकृती सलग, म्हणजे वाट आहे. कागदावरची शाई दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच असते. म्हणून फुल्यांकडे मुद्दाम पाहायचे ते तेव्हाच, जेव्हा त्यांच्यावाचून आकृतीचे तुकडे पडत असतील.

फुलीपेक्षा खरा धोका असतो तो तिकाटण्याचा. एका रेघेचे टोक दुसऱ्या रेघेच्या मध्यावर येऊन टेकलेले दिसते, आणि तिथे ठिपका नसतो. ग्राफमध्ये रेघ ठिपक्यापाशीच संपते, त्यामुळे असे चित्र अपुरे आहे असेच समजावे. एक तर तिथला ठिपका उजेडात पुसला गेला आहे आणि त्याची कोटी तीन, म्हणजे विषम आहे. नाही तर ती रेघ पलीकडेही जात होती, पण पुढचा तुकडा फिकट पडला आहे, म्हणजे ती मुळात फुलीच आहे. तिसरी शक्यता अशी की ते टोक रेघेचे नव्हतेच, पेन घसरल्याची खूण होती. या तीन वाचनांत उत्तर बदलू शकते. फोटो मोठा करून, उजेड-अंधाराचा फरक वाढवून किंवा शक्य असल्यास मूळ पान पाहूनच इथला निर्णय करावा, अंदाजावर सोडू नये.

आणि अर्थात सुटलेली रेघ. एक रेघ सुटली की तिच्या दोन्ही टोकांच्या ठिपक्यांचे सम-विषम उलटते. मूळ आकृतीत दोन विषम ठिपके असतील आणि सुटलेली रेघ त्या दोघांना स्पर्शही करत नसेल, तर वाचणाऱ्याला चार विषम ठिपके दिसतात आणि तो चुकीने नकार देतो. रेघ त्यांतल्या एकालाच लागून असेल, तर विषम ठिपके दोनच राहतात, पण त्यांतला एक भलताच असतो. उत्तर बरोबर येते, सुरुवातीची जागा चुकते. नेमक्या त्या दोन विषमांना जोडणारीच रेघ सुटली, तर विषम एकही उरत नाही आणि कुठूनही निघा असा फसवा सल्ला मिळतो.

हे सारे एका उदाहरणात पाहता येईल. आखीव वहीच्या पानावर पेनाने काढलेल्या आकृतीचा फोटो आहे असे समजू. चार ठिपक्यांचा आयत आहे: वर डावीकडे क, वर उजवीकडे ख, खाली उजवीकडे ग, खाली डावीकडे घ. त्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण काढलेले आहेत. कर्ण मध्ये छेदतात, तिथे ठिपका नाही. आयताच्या वर छपरासारखा च आहे, तो क आणि ख यांना जोडलेला. उजवीकडे छ आहे आणि त्याच्याकडे ख पासून एक रेघ जाते. घ च्या खाली ज आहे, आणि घ ते ज अशी एक जाडसर रेघ दिसते.

पहिल्या वाचनात रेघा दहा भरतात. कोट्या अशा येतात: क चार, ख पाच, ग तीन, घ चार, च दोन, छ एक, ज एक. बेरीज वीस, म्हणजे दहाच्या दुप्पट. तपासणी पास झाली. विषम ठिपके ख, ग, छ आणि ज असे चार. नियमाप्रमाणे वाट नाही, आणि पुष्कळ जण इथेच वही मिटतील.

पण छ हा ठिपका खटकायला हवा. त्याला एकच रेघ आहे, आणि त्याच्या शेजारचा ग सुद्धा विषम आहे. शेजारीशेजारी असलेले दोन विषम ठिपके, त्यातला एक एकाच रेघेवर लोंबकळणारा, ही सुटलेल्या रेघेची नेहमीची खूण आहे. ती पुरावा नव्हे, पण तिथे पुन्हा पाहायला पुरेशी आहे. पानाच्या उजव्या कडेला फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला आहे. फोटोचा उजेड उतरवल्यावर त्या डागाखालून ग ते छ अशी फिकट रेघ वर येते. ती वहीची छापील निळी रेघ तर नव्हे, एवढे तपासून घ्यावे. छापील रेघा एकमेकींना समांतर आणि सारख्या अंतरावर असतात, ही मात्र तिरपी आहे आणि दोन्ही टोकांना ठिपक्यांत शिरते. म्हणजे ती आकृतीतलीच. आता रेघा अकरा, ग ची कोटी चार, छ ची दोन. विषम उरले ख आणि ज. उत्तर उलटले: वाट आहे.

अजून ती जाडसर रेघ बाकी आहे. घ ते ज हे अंतर थोडे आहे आणि तिथली रेघ इतर रेघांच्या जवळपास दुप्पट रुंद दिसते. मोठे करून पाहिल्यावर मध्यावर पांढरी फट दिसते. दोन्ही ठिपक्यांपाशी एकत्र येणाऱ्या आणि मध्ये किंचित फाकणाऱ्या त्या दोन कमानी आहेत. घ आणि ज यांच्यामध्ये दोन रेघा आहेत, आणि ग्राफमध्ये अशा जोडरेघांना पूर्ण मुभा आहे. क्योनिग्जबर्गच्या बेटालाही प्रत्येक काठाशी दोन-दोन पूल होते. आता रेघा बारा. घ ची कोटी पाच झाली, ज ची दोन. एकूण बेरीज चोवीस. विषम ठिपके पुन्हा दोनच, पण या वेळी ख आणि घ. वाट आहे हे उत्तर कायम राहिले, निघण्याची जागा मात्र ज वरून घ वर सरकली. ज पासून सुरुवात करणारा आता कितीही डोके चालवले तरी अडणारच.

वाट आहे असे ठरल्यावर ती काढून दाखवणे उत्तम, कारण प्रत्यक्ष वाट म्हणजे उत्तराची पडताळणी. हिअरहोल्झरची रीत यासाठी पुरते आणि तिच्यात परत मागे येऊन दुसरा रस्ता शोधण्याची कटकट नसते. विषम ठिपक्यापासून निघावे आणि जी न वापरलेली रेघ मिळेल तिने चालत राहावे. अडायचे झाले तर दुसऱ्या विषम ठिपक्यापाशीच अडायला होते, दुसरीकडे कुठेही आत आलेल्याला बाहेर जायला रेघ उरलेली असतेच. समजा घ पासून निघून घ–क–ख–ग–घ–ख–छ–ग–क–च–ख अशी चाल झाली. ख पाशी पाचही रेघा संपल्या आणि पेन्सिल अडली. दहा रेघा झाल्या, घ आणि ज मधल्या दोन राहिल्या. आता आपल्या वाटेवरचा असा ठिपका शोधायचा ज्याला न वापरलेली रेघ आहे. तो घ. तिथून निघून उरलेल्या रेघांवरून फेरी मारली की ती घ पाशीच परत येते: घ–ज–घ. ही फेरी मूळ वाटेत घ च्या जागी घुसवली की झाले: घ–ज–घ–क–ख–ग–घ–ख–छ–ग–क–च–ख. अक्षरे तेरा, म्हणजे चाली बारा. एकही जोडी नसावी त्याहून अधिक वेळा आलेली नाही. घ–ज ही जोडी दोनदा आली आहे, कारण तिथे रेघाच दोन आहेत.

या आकृतीतून छ, ज आणि त्यांच्या रेघा काढून टाकल्या, तर उरते ते लहान मुलांचे कौलारू घर किंवा उघडे पाकीट. आठ रेघा, विषम ठिपके फक्त खालचे दोन कोपरे. जर्मनीत मुले ते निकोलाउसचे घर म्हणून काढतात. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून ते पुरे करण्याच्या ४४ तऱ्हा आहेत. वरून निघणाऱ्याला एकही सापडत नाही. हे कोडे इतकी पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्याचे कारणही बहुधा हेच, की ते जमते तेव्हा फार सहज जमते आणि चुकीच्या ठिपक्यापासून निघाले तर कधीच जमत नाही.

नकार आला तरी आकृतीबद्दल बोलणे संपत नाही. सलग आकृतीत विषम ठिपके चार असतील, तर ती पेन्सिल एकदा उचलून, म्हणजे दोन वाटांत पुरी होते. सहा असतील तर तीन वाटांत. विषम ठिपक्यांच्या संख्येच्या निम्म्या वाटा लागतात आणि तेवढ्या पुरतात. रेघांवर बाण असतील तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. तिथे सम-विषम पाहून भागत नाही, प्रत्येक ठिपक्यात येणारे बाण आणि जाणारे बाण सारखे भरावे लागतात. अपवाद फक्त दोन ठिपक्यांचा: सुरुवातीच्या ठिपक्यातून एक बाण जास्त जातो, शेवटच्यात एक जास्त येतो. फोटोत बाणाचे टोक अस्पष्ट असेल तर ते न पाहता पुढे जाऊ नये.

हेच काम संगणकावर सोपवले, तर चुकांची जागा गमतीदार रीतीने बदलते. नेहमीचा क्रम असा असतो. आधी राखाडी फोटो काळ्या-पांढऱ्यात बदलायचा. किती गडद ते काळे, हा उंबरठा आपोआप ठरवण्याची नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ ची रीत अजून सर्रास वापरली जाते. मग जाड रेघा सोलत सोलत एका बिंदूच्या रुंदीच्या करायच्या, म्हणजे आकृतीचा सांगाडा काढायचा. मग सांगाड्यावर चालत जिथे तीन किंवा अधिक फांद्या फुटतात त्या जागा आणि जिथे रेघ संपते त्या जागा नोंदवायच्या. शेवटी कोट्या मोजायच्या.

माणसाला निरुपद्रवी असलेली फुली इथे घातक ठरते. जाड रेघा तिरप्या छेदत असल्या, की सोलताना त्यांचा छेद एका बिंदूत येत नाही. मध्ये एक बारीकसा पूल तयार होतो आणि एका चौफुल्याचे दोन तिकाटणे होतात. चार कोटीच्या एका सम ठिपक्याऐवजी तीन-तीन कोटीचे दोन विषम ठिपके. वरच्या उदाहरणात कर्णांच्या छेदापाशी हे घडले, तर विषम ठिपके दोनाचे चार होतात आणि संगणक ठामपणे नाही म्हणतो. शाईच्या कडेला थोडा खरबरीतपणा असला तर सांगाड्याला काट्यासारखा फाटा फुटतो. त्याचे टोक एक कोटीचे, बुड तीन कोटीचे, म्हणजे पुन्हा दोन खोटे विषम. रेघेत जरा खंड पडला तर दोन मोकळी टोके. गंमत अशी की या तिन्ही चुका विषम ठिपके जोडीनेच निर्माण करतात, त्यामुळे विषमांची संख्या सम असली पाहिजे ही तपासणी त्यांतल्या एकीलाही पकडत नाही.

पकडण्याची खूण निराळी आहे. खोटे विषम ठिपके एकमेकांच्या अगदी जवळ असतात, रेघेच्या जाडीएवढ्या अंतरावर. म्हणून जाडीपेक्षा थोड्या अधिक अंतरातली तिकाटणी एकत्र करून टाकतात, तेवढ्याच लांबीचे फाटे छाटतात, आणि समोरासमोर रोख असलेली मोकळी टोके सांधतात. यातही मर्यादा आहे. दोन खरे ठिपके खरोखरच चिकटून काढलेले असतील तर तेही एक होऊन जातात. घ आणि ज मधल्या त्या दोन कमानींमधली फट काळी-पांढरी करताना बुजली, तर नंतरची कोणतीही दुरुस्ती ती परत आणू शकत नाही. अशा कामात ठिपके मुळातच गोल आणि ठळक काढलेले असतील, तर आधी ते गोल शोधून मग त्यांच्यामधल्या रेघा मागे लावणे सांगाड्यापेक्षा भरवशाचे. आणि विषम ठिपके फोटोवर लाल खुणांनी दाखवले, तर माणसाच्या डोळ्याला खोटे कुठे जमले आहेत ते लगेच दिसते.

फोटोच्या चौकटीबाहेर जाणारी रेघ मात्र कोणालाच सोडवता येत नाही. तिचे दुसरे टोक कुठल्या ठिपक्याला लागते ते कळेपर्यंत हो किंवा नाही म्हणणे हा केवळ तर्क. तिथे फोटो पुन्हा काढावा.

क्योनिग्जबर्ग आता रशियातले कालिनिनग्राद आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत सातांपैकी दोन पूल गेले, ते पुन्हा बांधले गेले नाहीत. पुढे आणखी दोन पाडून त्यांच्या जागी एकच लांब उड्डाणपूल झाला. तो एका काठावरून दुसऱ्या काठावर बेटाच्या डोक्यावरून जातो, आणि त्यावरून बेटावर उतरायला जिना आहे. वरून घेतलेल्या फोटोत ही रेघ बेटाला चाटून जाताना दिसते, जिना दिसत नाही. जिना धरला तर बेटाला दोन रेघा मिळतात आणि त्याची कोटी तीन होते, न धरला तर एक. दोन्ही विषमच. पूर्वेकडच्या भूभागाची कोटी तीन, दोन्ही काठांची दोन-दोन. ऑयलरच्या सात पुलांच्या जागी आज जे उरले आहेत, त्या सगळ्यांवरून एकेकदाच जाणारा फेरफटका आता घालता येतो. तो बेटावर सुरू होऊन पूर्वेकडच्या भूभागावर संपतो, किंवा याच्या उलट.